महिन्याच्या रकमेशेजारी परताव्याचा दरही छापा: इर्डाई आणि पीएफआरडीए यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण (इर्डाई), हैदराबाद
मा. अध्यक्ष, पेन्शन निधी नियामक व विकास प्राधिकरण (पीएफआरडीए), नवी दिल्ली

महोदय,

मी निवृत्त गणित शिक्षक आहे. सातारा आणि आसपासच्या निवृत्त लोकांना पेन्शनचे कागद समजावून देण्याचे काम बरीच वर्षे करतो आहे. हे पत्र ॲन्युइटीच्या कोटेशनबद्दल आहे. एकरकमी पैसे विमा कंपनीकडे द्यायचे आणि मरेपर्यंत महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायची, असा हा व्यवहार. बहुतेकांच्या आयुष्यातला घरानंतरचा हा सर्वांत मोठा व्यवहार असतो, आणि फ्री लूकचे तीस दिवस उलटले की बहुतेक पर्यायांत तो मागे घेता येत नाही. तरीही त्या कोटेशनवर एक आकडा कुठेच नसतो: आपण दिलेल्या पैशावर वर्षाला किती टक्के परतावा पडतो, तो. तो छापणे आपण बंधनकारक करावे, एवढीच माझी मागणी आहे. ती का, हे एका उदाहरणाने सांगतो.

टपाल खात्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या एक ताई कोटेशनची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. 2004 नंतर केंद्र सरकारच्या नोकरीत लागलेल्या, म्हणजे एनपीएसमध्ये. 1 एप्रिल 2025 पासून मिळालेला एकात्मिक पेन्शनचा पर्याय त्यांनी घेतला नव्हता. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्त होताना जमा रकमेच्या किमान 40 टक्क्यांची ॲन्युइटी घ्यावीच लागते. पुढच्या हिशेबासाठी मी गोल आकडे धरतो. जमा 25 लाख, त्यातले 15 लाख हातात आणि 10 लाखांची ॲन्युइटी. कंपनीगणिक आणि महिन्यागणिक आकडे थोडे मागेपुढे होतील, पण हिशेबाची रीत बदलणार नाही.

त्यांच्यापुढे मुख्य पर्याय दोन होते. पहिला, तहहयात पेन्शन, मृत्यूनंतर काहीही नाही: महिना 7,000 रुपये. दुसरा, तहहयात पेन्शन आणि मृत्यूनंतर 10 लाखांचे मुद्दल वारसाला परत: महिना 5,500 रुपये. पहिल्याशेजारी ‘ॲन्युइटी दर 8.4 टक्के’ आणि दुसऱ्याशेजारी ‘6.6 टक्के’ असे छापले होते. ताईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “सर, बँक एफडीला सात देते, हे आठ पॉइंट चार देतात. मग यात विचार काय करायचा?”

त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता. समोर टक्क्याचे चिन्ह असेल तर कोणीही त्याची तुलना दुसऱ्या टक्क्याशीच करणार. पण हे दोन टक्के एका जातीचे नाहीत. एफडीचे सात टक्के म्हणजे व्याज. मुद्दल जागेवर असते आणि मुदत संपली की परत मिळते. पहिल्या पर्यायातले 8.4 टक्के म्हणजे वर्षाची पेन्शन 84,000 भागिले 10 लाख, एवढेच. त्या 84,000 मध्ये व्याज आहे आणि तुमचेच मुद्दलही थोडे थोडे परत येते आहे. कोणत्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, हे त्या टक्क्यावरून कळत नाही. तो दर नुसता भागाकार आहे, परतावा नाही.

खरा परतावा काढायचा तर तुम्ही किती वर्षे जगणार हे धरावे लागते, आणि इथेच या व्यवहाराचे मर्म आहे. 10 लाखांना 7,000 ने भागले तर 142 महिने आणि थोडे वर येते. म्हणजे ताई जवळजवळ बहात्तरीला पोहोचेपर्यंत त्यांना फक्त स्वतःचे पैसे परत मिळत असतात. तोवरचा परतावा शून्य, आणि त्याआधी मृत्यू आला तर उणे. पंचाहत्तरीपर्यंत, म्हणजे 180 हप्ते घेतले, तर एकूण 12,60,000 रुपये हातात येतात आणि वर्षाचा परतावा पडतो 3.2 टक्के. ऐंशीपर्यंत 5.9 टक्के. पंच्याऐंशीपर्यंत 7.1 टक्के. नव्वदीपर्यंत 7.8 टक्के. कोटेशनवरचा 8.4 हा आकडा परतावा म्हणून खरा ठरायला ताईंना शंभरी गाठावी लागेल.

दुसऱ्या पर्यायात चित्र उलटे आहे. तिथे मुद्दल शेवटी जसेच्या तसे परत येते, म्हणून महिन्याचे 5,500 हे पूर्णपणे व्याज आहे. महिन्याला 0.55 टक्के, चक्रवाढीने वर्षाला 6.8 टक्के. मृत्यू पासष्टाव्या वर्षी येवो की पंचाण्णवाव्या, परतावा तोच. म्हणजे ज्या पर्यायाशेजारी लहान आकडा छापला आहे, तोच त्र्याऐंशीच्या आसपासपर्यंत जास्त परतावा देणारा निघतो. कोटेशन वाचणाऱ्याला नेमके याच्या विरुद्ध वाटते.

हे त्र्याऐंशी कुठून आले, तेही सांगतो. पहिला पर्याय घेतला की महिन्याला 1,500 रुपये जास्त मिळतात आणि वारसाचे 10 लाख जातात. ते 1,500 दर महिन्याला त्याच 6.8 टक्क्यांनी बाजूला टाकत गेले, तर 10 लाख जमायला 281 महिने लागतात, म्हणजे 23 वर्षे आणि पाच महिने. साठात मिळवले की 83 वर्षे पाच महिने. त्यापुढे जगण्याची ज्याला बऱ्यापैकी शक्यता वाटते, आणि ज्याच्यामागे पैशासाठी कोणी थांबलेले नाही, त्याच्यासाठी पहिला पर्याय चांगला. ज्याला प्रकृतीची खात्री नाही, किंवा मागे कोणाची सोय करायची आहे, त्याने दुसरा घ्यावा. निर्णय खरोखर या एका वयावर येऊन ठरतो, आणि ते वय कोटेशनवर नसते.

ताईंच्या आई आणि मावशी दोघी नव्वदी ओलांडलेल्या. मुलगा कमावता. शेवटी त्यांनी पहिलाच पर्याय घेतला, आणि माझ्या मते बरोबर घेतला. पण तो 8.4 एफडीपेक्षा मोठा दिसतो म्हणून नव्हे. आपण खूप जगलो तर काय, या भीतीला उत्तर म्हणून. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्याच कारणाने मी ॲन्युइटीच्या विरोधात लिहीत नाही. कितीही जगलात तरी हप्ता थांबणार नाही, व्याजदर कितीही घसरले तरी कमी होणार नाही, ही हमी दुसरे कोणतेही साधन देत नाही. लवकर गेलेल्यांचे उरलेले पैसे दीर्घकाळ जगणाऱ्यांच्या हप्त्यांना पुरतात, म्हणून तर नव्वदीला 7.8 टक्के देणे कंपनीला जमते. हा विमाच आहे, आणि चांगला विमा आहे. पण मग तो गुंतवणुकीच्या टक्क्याचा वेश घालून विकू नये.

विकताना काय सांगितले जाते, ते मी अनेक घरांत ऐकले आहे. एका गृहस्थांना मुद्दल परतीचा पर्याय असा समजावला गेला होता: पंधरा वर्षांत 9,90,000 रुपये पेन्शन मिळेल, वर 10 लाख परत, म्हणजे जवळपास शंभर टक्के नफा. बेरीज बरोबर आहे, वाक्य मात्र दिशाभूल करणारे. हाच व्यवहार ‘वर्षाला 6.8 टक्के’ असा सांगितला असता, तर त्या गृहस्थांनी तो ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या शेजारी ठेवून पाहिला असता. एप्रिल 2023 मध्ये त्या योजनेचा दर 8.2 टक्के झाला. त्या दराने 10 लाखांवर तिमाहीला 20,500 रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला साधारण 6,833, आणि पाच वर्षांनी मुद्दल परत. मुद्दल कायमचे सोडून मिळणारे 7,000 आणि मुद्दल राखून मिळणारे 6,833. हे दोन आकडे शेजारी ठेवले की माणूस आपोआप पुढचा प्रश्न विचारतो: ही योजना पाच वर्षांनी कोणत्या दराने वाढवून मिळेल, आणि तिची 30 लाखांची मर्यादा मला पुरेल का? तोच खरा प्रश्न आहे. जन्मभर बांधलेला दर हवा की आज जास्त पण पुढे अनिश्चित दर हवा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ठरवायला समोर दोन्ही बाजूंचे आकडे एका मापाचे हवेत.

हा हिशेब अवघड नाही. कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत होतो. पहिली ओळ मुद्दल परत न मिळणाऱ्या पर्यायाची, दुसरी मुद्दल परतीची. 180 म्हणजे पंधरा वर्षांचे महिने:

```
=(1+RATE(180,7000,-1000000))^12-1
=(1+RATE(180,5500,-1000000,1000000))^12-1
```

पहिल्याचे उत्तर 3.2 टक्के येते, दुसऱ्याचे 6.8. 180 च्या जागी 240, 300, 360 घातले की पहिल्या ओळीचे उत्तर बदलत जाते आणि दुसरीचे तसेच राहते. वाचकांनी आपापल्या कोटेशनचे आकडे घालून हे जरूर करून पाहावे. खिशातून गेलेली पूर्ण रक्कम घालायची, आणि पेन्शन वर्षातून एकदा मिळत असेल तर महिन्यांऐवजी वर्षे घालून शेवटचा घातांक काढून टाकायचा. पण साठीच्या माणसाने आपल्या पेन्शनचा परतावा स्वतः सूत्र लिहून शोधावा, अशी व्यवस्था असू नये. ज्या यंत्रणेने 7,000 हा आकडा काढला, तिच्याकडे उरलेले आकडे काढायला लागणारे सगळे आधीच असते.

आपल्या देशात असे दाखवण्याची रीत नाही, असेही नाही. युलिपच्या लाभ-चित्रणात खर्च वजा जाता निव्वळ परतावा किती पडेल, ते इर्डाईच्याच नियमाने छापावे लागते. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांच्या मुख्य माहितीपत्रकात सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणे सक्तीचे केले. म्हणजे दुचाकीसाठी कर्ज काढणाऱ्या मुलाला खरा वार्षिक दर कळतो, आणि आयुष्याची पुंजी देणाऱ्या त्याच्या आईला कळत नाही. पेन्शनच्याच क्षेत्रातलाही दाखला आहे. प्रधानमंत्री वय वंदना योजना 31 मार्च 2023 ला बंद झाली. तिच्या शेवटच्या वर्षांत ‘7.40 टक्के, दरमहा देय, म्हणजे वार्षिक 7.66 टक्के’ असे दोन्ही आकडे सांगितले जात होते. ती योजना एलआयसीच चालवत होती. तेव्हा जमले, तर आता का जमू नये?

यावर दोन आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे.

पहिला असा, की माणूस कधी मरेल हे कोणाला ठाऊक नाही, मग एकच परतावा कसा छापणार? बरोबर, एकच छापूच नये. मुद्दल न मिळणाऱ्या पर्यायाला एक आकडा देणे हीच तर आजची चूक आहे. 70, 75, 80, 85 आणि 90 अशी वयांची एक छोटी पट्टी असावी आणि प्रत्येक वयाखाली तोवरचा वार्षिक परतावा. सत्तरीखाली उणे आकडा येईल, तो उणेच छापावा. त्याखाली ‘मुद्दल भरून निघण्याचे वय’ एका ओळीत. यासाठी कोणतेही भाकीत लागत नाही, कारण पट्टी फक्त सांगते: इतके जगलात तर इतका. वाटल्यास सरासरी आयुर्मानाचा स्तंभही वेगळा दाखवता येईल. ॲन्युइटी घेणाऱ्यांचा 2012-15 चा मृत्यूतक्ता 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे आणि कंपन्या तो वापरतातच.

दुसरा आक्षेप नाजूक आहे. ग्राहकाला मृत्यूचे वय दाखवणे बरे दिसत नाही, असे मला एका अनुभवी एजंटने सांगितले. मला ते पटत नाही. आयुर्विम्याच्या प्रत्येक लाभ-चित्रणात मृत्यूलाभाचा रकाना असतो आणि तो वाचून कोणी रागावत नाही. साठीची माणसे मृत्यूचा विचार आपल्यापेक्षा जास्त धीराने करतात. ताईंसमोर मी हीच पट्टी कागदावर लिहिली होती. त्यांनी पंच्याऐंशीखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, “माझा हिशेब इथून पुढे.” बाकी सगळी चर्चा त्या रेघेवरून झाली.

या पट्टीने कंपन्यांचे नुकसान होईल असेही मला वाटत नाही. नव्वदीचा 7.8 टक्के हा हमीचा आकडा दीर्घायुषी घरातल्या बाईला पटण्याजोगा आहे, आणि आज तो कुठे दाखवलाच जात नाही. नुकसान झालेच, तर भागाकारालाच परतावा म्हणून विकणाऱ्यांचे होईल.

या पट्टीची सर्वांत जास्त गरज आहे ती पुढे सुरू होणाऱ्या पेन्शनला. आज 10 लाख द्या, दहा वर्षांनी ‘12 टक्के पेन्शन’, मुद्दल वारसाला परत, अशा धर्तीची जाहिरात लोक माझ्याकडे घेऊन येतात. साठाव्या वर्षी पैसे दिले, सत्तरीपासून महिना 10,000 सुरू झाले, पंच्याऐंशीला मृत्यू आला आणि 10 लाख परत मिळाले, असे धरून हिशेब केला तर वर्षाला साधारण 5.4 टक्के पडतात. पैसे दहा वर्षे काहीही न देता पडून असतात आणि दर मात्र मूळ रकमेवर मोजलेला असतो. थांबण्याच्या काळात मृत्यू आल्यास काही योजना थोडी जास्त रक्कम देतात, तो फायदा वेगळा धरावा लागेल. तरी बारा आणि साडेपाच यांच्यातले अंतर त्याने भरून निघत नाही. अशा योजनांच्या जाहिरातीत टक्क्याचे चिन्ह वापरायचे असेल, तर ते फक्त परताव्यासाठीच वापरता यावे.

करानंतरचा परतावा छापा असे मी म्हणत नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या उत्पन्नावर ठरतो. महागाईचाही अंदाज नको. मात्र हप्ता कायम तेवढाच राहणार असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत लिहावे. आणि वर्षाला 3 टक्के वाढीचा पर्याय असेल, तर ती वाढ सरळ आहे की चक्रवाढ, हेही लिहावे. वीस वर्षांत सरळ वाढीने हप्ता 60 टक्के वाढतो आणि चक्रवाढीने सुमारे 80 टक्के. पर्याय निवडणाऱ्या बहुतेकांनी मनात दुसरी वाढ धरलेली असते.

इर्डाईकडे माझी मागणी: प्रत्येक ॲन्युइटीच्या कोटेशनवर आणि ग्राहक माहितीपत्रकावर महिन्याच्या रकमेला लागूनच, त्याच आकाराच्या अक्षरांत, वरची पट्टी असावी, आणि ‘ॲन्युइटी दर’ हा शब्द तिच्याशिवाय एकटा छापायला मनाई असावी. माहितीपत्रक मागणाऱ्याला मराठीत मिळावे. पीएफआरडीएकडे मागणी त्याहून सोपी आहे. एनपीएसमधून बाहेर पडताना ज्या पडद्यावर सगळ्या विमा कंपन्यांच्या मासिक रकमा एकाखाली एक दिसतात, तिथे प्रत्येक पर्यायापुढे 75, 80, 85 आणि 90 या वयांचे परतावे दाखवणारे चार रकाने वाढवावेत, आणि मुद्दल परतीचा व बिनपरतीचा पर्याय कोणत्या वयाला बरोबरीत येतात तो आकडा द्यावा. ज्या ॲन्युइटीची सक्ती सरकार करते, तिथे ही माहिती देण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे. हे रकाने येईपर्यंत माझ्याकडे कोटेशन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पट्टी हाताने लिहून देणार आहे. नमुना हवा असल्यास तो पाठवायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
सातारा